वराच्या साक्षीदाराचं फ्रेंच भाषण

फ्रान्समध्ये लग्न कायदेशीर होतं ते नगरपालिकेत, म्हणजे ‘मेरी’त. तिथे दोन ते चार साक्षीदार सही करतात. साक्षीदाराला म्हणतात ‘तेम्वँ’. हा बहुधा वराचा किंवा वधूचा जिवलग मित्र असतो, आणि रात्रीच्या जेवणात चार शब्द बोलण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. तो मित्र पुण्याचा असेल आणि त्याला फ्रेंच जेमतेम येत असेल, तर भाषण सुंदर असण्यापेक्षा तोंडात बसणारं असणं महत्त्वाचं.

बहुतेक जण सुरुवात करतात ती ‘आज इथे येऊन मला आनंद झाला’ या वाक्याने. फ्रेंचमध्ये त्यातले ‘मी आहे’, ‘आनंदी’ आणि ‘आज’ हे तिन्ही शब्द अवघड. ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून आत ‘ई’ किंवा ‘ए’ म्हणायचा, हे आपल्या जिभेला नवीन. म्हणून ते शब्दच टाळावेत. समजा, वर पोल, वधू कामीय आणि बोलणारा अमित. मग एवढं पुरे:

‘बोंस्वार आ तूस! म्वा, से अमित, ल तेम्वँ द पोल. पोल ए तूझूर आँ रतार. तूझूर! मे स मातँ, आ ला मेरी, इल एते ला आवाँ म्वा. मेर्सी, कामीय! वीव ले मारिये!’

अर्थ असा: सर्वांना शुभ संध्याकाळ. मी अमित, पोलचा साक्षीदार. पोल नेहमी उशिरा येतो. नेहमी! पण आज सकाळी नगरपालिकेत तो माझ्याआधी हजर होता. धन्यवाद, कामीय! नवदांपत्य चिरायू होवो!

‘तूस’मधला स स्पष्ट म्हणावा, फ्रेंच शब्दाच्या शेवटचा स सहसा गिळला जातो, पण इथे नाही. ‘तूझूर’मधला झ आपला नव्हे. ‘श’ म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढला की तो येतो. ‘मातँ’ आणि ‘आवाँ’ यांच्या शेवटी न ऐकू आला तर चुकलं. स्वर फक्त नाकातून सोडायचा. कोकणी बोलणाऱ्यांना हे सहज जमतं. र घशातून नाही निघाला तरी बिघडत नाही, आपला जिभेवरचा र सगळ्यांना कळतो.

खरी कसोटी विनोदाची आहे. तो ‘म्वा’नंतरच्या थांब्यावर उभा आहे. तिथे थांबून वधूकडे वळायचं, पाहुण्यांच्या लक्षात येऊ द्यायचं, आणि मग ‘मेर्सी’. घाईत दोन्ही वाक्यं जोडली गेली, तर आभार कशाबद्दल तेच कुणाला कळत नाही. उशिराऐवजी घोरणं किंवा किल्ल्या हरवणं चालेल, पण जुन्या प्रेयसीचा उल्लेख नको. समोर आजीसुद्धा बसलेली असते.

शेवटचं वाक्य म्हणताना पेला उंच धरावा. पाहुणे तेच शब्द ओरडून परत म्हणतात. मग पेला पेल्याला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायचं; नजर चुकवणं तिथे असभ्य समजतात.