ड्रोनच्या कॅमेऱ्याची पाणसळ

समुद्रकिनाऱ्यावर ड्रोनच्या कॅमेऱ्याची चूक लपत नाही. समोर डोंगर, झाडं, घरं असली की एखाद्या अंशाचा कल डोळ्यांना जाणवतही नाही, पण समुद्राचं क्षितिज म्हणजे आखलेली रेघ. ३८४० पिक्सेल रुंदीच्या चित्रात कॅमेरा १ अंशाने कलला, तर त्या रेघेच्या दोन टोकांमध्ये सुमारे ६७ पिक्सेलचा फरक पडतो.

लग्नांचं चित्रीकरण करणारा माझा एक मित्र गुहागरच्या किनाऱ्यावर याच पेचात सापडला. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने ड्रोन वाळूवर ठेवला आणि चालू केला. कॅमेऱ्याने नेहमीसारखी मान वर-खाली, आजूबाजूला फिरवली, क्षणभर थरथरला आणि थांबला. पण क्षितिज डावीकडे उतरलेलं होतं, आणि दोन-तीन मिनिटांत ते आणखी उतरलं. त्याने तिथेच कॅलिब्रेशनचं बटण दाबलं. कल गेला नाही.

का गेला नाही, हे समजायला गिम्बल काय करतो ते पाहावं लागतं. कॅमेरा तीन छोट्या मोटरींवर तोललेला असतो. त्याच्यापाशी दोन प्रकारचे सेन्सर असतात. जायरोस्कोप कॅमेरा किती वेगाने फिरतोय ते सांगतो, आणि ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणावरून ‘खाली’ कुठे आहे ते ओळखतो. गवंड्याच्या पाणसळीचं काम हा दुसरा करतो. जायरोस्कोपची खोड अशी, की स्थिर असतानाही तो थोडासा वेग दाखवत राहतो. ही चूक सेकंदाला ०.०५ अंश इतकीच असली, तरी कुणी दुरुस्त केली नाही तर मिनिटाभरात ३ अंश साचतात. म्हणून चालू झाल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांत यंत्रणा असं धरून चालते, की ड्रोन आत्ता अजिबात हलत नाहीये, आणि त्या वेळची चूक शून्य मानून पुढचा हिशोब करते. ही चूक तापमानाबरोबर बदलते. गार गाडीतून तापलेल्या वाळूवर आलेला ड्रोन मिनिटागणिक गरम होत होता, त्यामुळे सुरुवातीला धरलेलं शून्य खोटं ठरत गेलं. शिवाय वाळू उतरती आणि भुसभुशीत होती. कॅलिब्रेशनला सपाट, स्थिर जागा लागते, आणि नेमकी तीच तिथे नव्हती.

संध्याकाळी उतरण्याच्या घरी आम्ही ते नीट केलं. ड्रोन बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दिला. कॅमेऱ्यावरचं प्लास्टिकचं आवरण काढलं आहे ना, हे पाहिलं. ते राहिलं तर मोटरी अडकून गुरगुरतात आणि पडद्यावर ‘Gimbal motor overloaded’ असा इशारा येऊ शकतो. फरशी सपाट आहे का, हे मोबाईलच्या लेव्हलने तपासलं आणि पंखाही बंद केला. मग DJI Fly या ॲपमध्ये Control खाली असलेलं Gimbal Calibration उघडून Auto निवडलं, आणि ते संपेपर्यंत ड्रोनला कुणी हात लावला नाही.

क्षितिज बरंच सुधारलं, पण थोडा कल उरलाच. तेव्हा Safety मधलं IMU कॅलिब्रेशन केलं. हे ड्रोनच्या स्वतःच्या सेन्सरचं असतं. ॲप चित्र दाखवेल त्या त्या बाजूवर ड्रोन टेकवून स्थिर धरायचा. इथे घाई करणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ते झाल्यावर गिम्बलचं कॅलिब्रेशन परत केलं. शेवटचा अर्धा-पाऊण अंश Manual मध्ये समुद्राकडे बघत हाताने काढला. कंपास कॅलिब्रेट करायला अनेक जण धावतात. तो दिशेसाठी असतो. क्षितिजाच्या कलावर त्याचा उपयोग नाही.

थरथर मात्र वेगळं दुखणं आहे, आणि बटण दाबण्यापूर्वी ते ओळखायला हवं. ड्रोन बंद असताना कॅमेरा बोटाने अलगद हलवून पाहावा. तो तिन्ही बाजूंना मोकळा फिरला पाहिजे. कुठे करकर लागली तर वाळूचा कण अडकला असण्याची शक्यता मोठी. चालू केल्यावर थरथरला आणि भिंगावर फिल्टर असेल, तर तो काढून पुन्हा चालू करावं, कारण थोड्याशा वजनानेही मोटरींचा तोल जातो. उंच गवतात कॅमेरा टेकत असेल, तर ड्रोन पाटावर किंवा बॅगेच्या सपाट झाकणावर ठेवून पाहावं. इतकं करूनही थरथर तशीच असेल, तर कंपन शोषणारे रबरी गोळे निसटले आहेत का, आणि कॅमेऱ्याकडे जाणारी चपटी केबल चिमटली आहे का, हे दुरुस्तीवाल्याने पाहावं. या दोन्हींवर कॅलिब्रेशनचा इलाज चालत नाही.

आणखी एक गोष्ट मित्राला दुसऱ्या दिवशी दिसली. जोरात वळण घेतल्यावर क्षितिज क्षणभर तिरकं होई आणि सरळ उडताना आपोआप सुधारे. वळणात ‘खाली’चा अंदाज चुकतो, कारण वळणाचा ओढा गुरुत्वाकर्षणात मिसळतो. तिथे कॅलिब्रेशन पुन्हा करायचं नाही. त्याने वळणं हळू घेतली.