विक्रीची वाढ आणि बदललेला पाया

तिमाही अहवालात विक्री वाढल्याची जी टक्केवारी छापलेली असते, ती एका भागाकारातून येते. यंदाच्या तिमाहीची विक्री वर आणि गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीची विक्री खाली. वरचा आकडा ठळक छापलेला असतो. खालचा आकडा म्हणजे तुलनेचा आधार, आणि तो एका रकान्यात एक, दुसऱ्या रकान्यात दुसरा निघाला तर प्रत्येक बेरीज बरोबर असूनही अहवाल फसवा होतो.

याचा चांगला नमुना 2017-18 या वर्षात सापडतो. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाला. त्याआधी उत्पादक कंपन्यांच्या विक्रीच्या आकड्यात केंद्रीय उत्पादन शुल्क धरलेले असे आणि तेच शुल्क खाली खर्चात वेगळ्या ओळीत दाखवले जाई. जीएसटी मात्र सरकारच्या वतीने गोळा केलेला कर असल्याने विक्रीत धरला जात नाही. म्हणजे एकाच आर्थिक वर्षात एप्रिल ते जूनची विक्री शुल्कासह आणि पुढच्या तीन तिमाह्यांची विक्री कराविना.

समजा, एका कारखान्याची 2016-17 मधली प्रत्येक तिमाहीची विक्री शुल्क वगळून 100 कोटी रुपये होती. शुल्क 12.5 टक्के, म्हणून हिशेबात 112.5 कोटी दिसत. पुढच्या वर्षी माल प्रत्येक तिमाहीत 8 टक्क्यांनी जास्त खपला. एप्रिल ते जूनमध्ये शुल्कासह 121.5 कोटी झाले. वाढ 8 टक्के. पुढच्या दोन तिमाह्यांत मात्र 108 कोटीच दिसले आणि 112.5 कोटींशी तुलना केल्यावर 4 टक्के घट निघाली. नऊ महिन्यांची बेरीज 337.5 कोटी, गेल्या वर्षीचीही तेवढीच. धंदा 8 टक्क्यांनी वाढला आणि नऊमाहीची वाढ शून्य!

एवढ्यावर थांबले असते तर निदान गोंधळ उघड दिसला असता. खरी अडचण पुढे येते. तिमाहीची वाढ सांगताना अहवाल लिहिणारा शुल्क वगळून 8 टक्के लिहितो, आणि नऊमाहीचा रकाना हिशेबवहीतून जसाच्या तसा उचलतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरेच असतात, फक्त त्यांचे आधार वेगळे असतात.

हे पकडायला साधी युक्ती पुरते. अहवालात दिलेल्या वाढीवरून आधार उलटा काढायचा. 108 ला 1.08 ने भागले की 100 येतात. गेल्या वर्षीच्या अहवालात मात्र त्याच तिमाहीपुढे 112.5 छापलेले आहेत. ही तफावत पूर्णांकात मांडल्यामुळे पडली असेल का, हेही तपासता येते. छापलेले 8 टक्के मुळात 7.5 ते 8.5 च्या दरम्यान काहीही असू शकतात. त्यानुसार आधार फार तर 99.5 ते 100.5 कोटींच्या आसपास येतो. 112.5 त्या टप्प्यात बसत नाही, तेव्हा आधारच बदलला आहे.

दुसरी खूण त्याहून सोपी, तिला जुना अहवालही लागत नाही. एकच आधार असेल तर एकत्रित वाढ ही तिमाह्यांच्या वाढीची भारित सरासरी असते. ती सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तिमाही वाढीच्या बाहेर जाऊच शकत नाही. तिन्ही तिमाह्या 8 टक्के आणि नऊमाही शून्य, असे दिसले की कुठेतरी पाया सरकला आहे. उलट बाजू अशी, की एकत्रित वाढ त्या दोन टोकांच्या आत असली म्हणून आधार एकच आहे असे सिद्ध होत नाही. तिमाह्यांची वाढ जितकी विखुरलेली, तितकी ही कसोटी बोथट.

आधार बदलला हे कळले तरी का बदलला हे या गणितातून कळत नाही. विलीनीकरण, विकून टाकलेला विभाग किंवा विक्रीतून सूट वजा करण्याची नवी पद्धत, यांतले काहीही कारण असू शकते. त्यासाठी निकालाखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचाव्या लागतात. जीएसटीच्या वेळी बहुतेक उत्पादक कंपन्यांनी आकडे तुलनीय नसल्याची टीप दिली होती. दुरुस्तीही तिथूनच होते. सरसकट 1.125 ने भागणे चुकीचे, कारण सगळ्या मालावर तेवढे शुल्क नव्हते. खर्चाच्या ओळीतले प्रत्यक्ष शुल्क जुन्या विक्रीतून वजा केले की आधार जुळतो.

ही विसंगती एका वर्षात मिटली नाही. एप्रिल ते जून 2018 ची करविरहित विक्री शुल्कासह असलेल्या एप्रिल ते जून 2017 शी जुळवली गेली. याच कारखान्याने आणखी 8 टक्के वाढ साधून 116.6 कोटी कमावले असते, तरी 121.5 कोटींसमोर ती 4 टक्के घटच दिसली असती. दोन्ही बाजू करविरहित अशी पहिली तुलना जुलै ते सप्टेंबर 2018 च्या तिमाहीची झाली. सबंध वर्षाच्या बेरजांची तशी तुलना 2019-20 च्या अहवालात आली.