बत्तीस चौरस फूट काच, दोन माणसं आणि एक जिना

पहिल्या मजल्यावरच्या दुकानाला दर्शनी काच बसवायची आहे. माप आठ फूट बाय चार फूट, जाडी १२ मिलिमीटर, काच टफन केलेली. टेम्पो खाली येऊन उभा राहतो, दोन कामगार उतरतात. काच पारदर्शक आणि सपाट असल्यामुळे ती किती जड आहे हे नजरेला कळतच नाही. पण तिचं वजन तराजूशिवाय, अगदी नेमकं काढता येतं, आणि ते काच कारखान्यातून निघण्याआधी काढायला हवं.

खिडक्या-दारांची नेहमीची काच वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून बनते. तिची घनता दर घनमीटरला २५०० किलो, म्हणजे पाण्याच्या अडीचपट आणि ॲल्युमिनियमपेक्षा थोडीशीच कमी. त्यामुळे एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरमागे अडीच किलो भरतं. १२ मिलिमीटर जाडीची काच असेल तर चौरस मीटरला ३० किलो. टफन करताना काच तापवून झटकन थंड करतात. तिची ताकद वाढते, वजन तेवढंच राहतं.

आपल्याकडे काचेचा व्यवहार अजून फुटात चालतो. फुटातला हिशेब असा: एक चौरस फूट, एक मिलिमीटर जाड काच म्हणजे २३२ ग्रॅम. तोंडी करायचं तर चौरस फुटांना मिलिमीटरने गुणावं आणि चारने भागावं. उत्तर खऱ्यापेक्षा सुमारे आठ टक्के जास्त येतं, आणि उचलण्याच्या कामात चूक व्हायचीच असेल तर ती याच बाजूला व्हावी. आपल्या काचेसाठी ३२ गुणिले १२ भागिले ४, म्हणजे ९६ किलो. नेमकं वजन ८९ किलो. दुहेरी काचेच्या खिडकीत मधल्या पोकळीची जाडी धरायची नाही, फक्त दोन्ही काचांची बेरीज घ्यायची. लॅमिनेटेड काचेतही काचेचीच जाडी मोजावी. मधला प्लॅस्टिकचा पापुद्रा चौरस मीटरला एखाद-दोन किलोच घालतो.

८९ किलो दोघांत वाटले की प्रत्येकी साडेचव्वेचाळीस. सिमेंटची गोणी ५० किलोची असते आणि ती एकटा माणूस नेतो, मग हे का जमू नये? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीतही प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही वरची मर्यादा आहे. पण गोणी पाठीवर बसते, अंगाला चिकटते, आणि अगदीच वेळ आली तर टाकून देता येते. काच अंगापासून दूर, बोटांच्या पेरांवर तोललेली असते. ब्रिटनच्या ‘हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह’चा आडाखा मला अशा कामासाठी जास्त योग्य वाटतो. कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरलेल्या ओझ्यासाठी ते पुरुषाला २५ किलो धरतात. त्यापुढे काम थांबवा असा त्याचा अर्थ नाही, पण त्यापुढे नीट विचार करूनच उचलावं असा आहे. महत्त्वाचा भाग पुढे आहे. दोन माणसांची ताकद ते दुप्पट धरत नाहीत. बेरजेच्या दोन तृतीयांश धरतात, आणि तिघांची बेरजेच्या निम्मी. कारण दोघांची पावलं, उंची आणि उचलण्याचा क्षण कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि तिसऱ्याला हात घालायला नीट जागाही मिळत नाही. म्हणजे दोघांना सुमारे ३३ किलो, तिघांना साडेसदतीस. तिसरा माणूस आला तरी भर पडते ती जेमतेम चार किलोंची.

आता जिना. सपाट जमिनीवर ओझं निम्मं-निम्मं असतं, जिन्यावर नाही. काच आडवी, म्हणजे आठ फुटी कडेवर उभी धरून, दोघांनी तिची खालची कड दोन टोकांना धरली आहे असं समजू. काचेचा गुरुत्वमध्य त्या कडेपासून दोन फूट वर असतो. जिना चढताना काच तिरपी होते आणि हा मध्य खालच्या माणसाच्या दिशेने सरकतो. काच जितकी उंच आणि जिना जितका उभा, तितका तो जास्त सरकतो. सहा इंच उंच आणि दहा इंच रुंद पायऱ्यांच्या जिन्यावर आपल्या काचेची वाटणी ३५ आणि ६५ टक्के अशी होते. वरच्या माणसाच्या वाट्याला ३१ किलो येतात, खालच्याच्या ५८. आणि तोच माणूस मान वर करून, पायऱ्या न दिसता चढत असतो. काचेची बाजूची कड अर्ध्या उंचीवर धरली तर वाटणी पुन्हा बरोबरीला येऊ शकते, पण मग सगळा भार घर्षणावर, म्हणजे हातमोज्यांच्या पकडीवर येतो. सक्शन कपांनी ही पकड सुधारते, मात्र काच आणि रबर दोन्ही स्वच्छ, कोरडी असतील तरच. वजन त्यांनी एक ग्रॅमही घटत नाही.

रस्त्यावर वाऱ्याचाही विचार करावा लागतो. ताशी १८ किलोमीटरचा वारा या काचेला सुमारे साडेपाच किलोच्या जोराने ढकलतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे २२ किलोंच्या आसपास. हा जोर काचेच्या मध्यावर लागतो आणि हात खालच्या कडेला असतात, म्हणून काच कलंडू पाहते.

ओझं हाताबाहेर आहे हे ओळखायला काच आधी इंचभर उचलून परत लाकडी पट्ट्यांवर टेकवावी. उचलताना एक टोक आधी सुटलं, काच डोलली किंवा बोटं सरकली, तर जिन्यावर जायचं नाही. फरशीवर थेट टेकवणंही टाळावं. टफन काच मधोमध बराच मार सोसते, पण कोपऱ्यावरच्या टोल्याने क्षणात सगळी फुटते. आणि काच सुटलीच तर ती सावरायला जाऊ नये, बाजूला व्हावं. म्हणूनच दोघांच्या मागे आणि खालच्या पायऱ्यांवर कुणीही उभं असता कामा नये.

टफन काच नंतर कापता येत नाही. जिन्यात अडकली किंवा जड वाटली म्हणून जागेवर तिचे दोन तुकडे होत नाहीत. तेव्हा जिन्याचं माप आणि वजनाचा हिशेब ऑर्डर देतानाच व्हायला हवा. आठ बाय चारच्या एका काचेऐवजी आठ बाय दोनच्या दोन काचा मागवल्या, तर प्रत्येकीचं वजन साडेचव्वेचाळीस किलो. पण लाभ निम्म्याहून जास्त होतो. काच अरुंद झाल्यामुळे गुरुत्वमध्यही खाली येतो, आणि त्याच जिन्यावर वाटणी सुमारे ४२ आणि ५८ टक्के होते. खालच्या माणसाच्या हातात ५८ किलोंऐवजी साधारण २६ किलो राहतात. दोघांसाठीची ३३ किलोंची रेषा तरीही ओलांडलेलीच असते. जाडी १० मिलिमीटर चालत असेल तर हीच काच ३७ किलोंवर येते, म्हणजे तिघांच्या आवाक्यात. १० मिलिमीटर पुरेल का, हे मात्र काचेची उंची, कडांचा आधार आणि त्या जागेचा वारा पाहून ठरवावं लागतं, आणि ते काम काच बसवणाऱ्या जाणकाराचं किंवा अभियंत्याचं आहे.