कुंडीतली पिवळी पाने: नत्र कमी की पाणी जास्त?

पावसाळा सरत आला की गॅलरीतल्या टोमॅटो-मिरचीची पाने पिवळी पडू लागतात. शेजारचे म्हणतात खत कमी पडले, घरातले म्हणतात पाणी कमी पडले. बहुतेक जण दोन्ही एकदमच घालून मोकळे होतात. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा असेल तर खताचा उपयोग होतो. पण मुळे पाण्यात गुदमरत असतील, तर त्याच खत-पाण्याने झाड आठवड्याभरात हातचे जाऊ शकते. म्हणून आधी कारण ओळखायला हवे.

पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात. मातीतले नत्र संपत आले की झाड खालच्या जुन्या पानांतले हरितद्रव्य आणि प्रथिने मोडते आणि त्यांतले नत्र शेंड्याकडच्या कोवळ्या पानांना पाठवते. त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होऊन हळूहळू वर चढतो. पान शिरांसकट सगळे सारखेच फिकट होते आणि शेवटी वाळून गळते. झाड मरगळत नाही, ताठ उभे असते. फक्त वाढ खुंटते, खोड बारीक राहते, नवी पाने लहान येतात.

पाणी जास्त झाल्यावर घडते ते वेगळे. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि त्यासाठी लागणारी हवा मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत असते. त्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू जवळजवळ पोहोचतच नाही, कारण हवेच्या मानाने पाण्यात तो सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. गुदमरलेली मुळे पाणी वर ओढू शकत नाहीत. मग माती ओली असूनही पाने माना टाकतात. ते पाहून घरातले माणूस आणखी एक तांब्या ओतते आणि दुखणे वाढते. अशी पाने पिवळी आणि लुळी असतात, कधी कधी हिरवी असतानाच गळतात. कुंडीभोवती बारीक काळी चिलटे घोंगावू लागली, तर माती सतत ओली राहते आहे, हे नक्की.

एकाच गॅलरीतल्या दोन कुंड्या घेऊ. पहिलीत टोमॅटो आहे. लावून दोन महिने झाले, फळे धरली, पण लावताना घातलेल्या मूठभर गांडूळखतानंतर काहीच दिले नाही. भरणीत निम्म्याहून जास्त कोकोपीट, ज्यात नत्र नावालाच. खालची चार-पाच पाने फिकट पिवळी, शेंडा हिरवा. माती दोन इंच खोलवर बोट घातल्यावर जेमतेम ओलसर लागते. हे नत्र कमी पडल्याचे लक्षण.

दुसरीत मिरची आहे. वरची माती कोरडी दिसते, पण कुंडी उचलावी तर जड आणि खालच्या ताटलीत पाणी साचलेले. इथे खरा निकाल मुळे देतात. कुंडी आडवी करून, कडेला थापट्या मारून मातीचा गड्डा अलगद बाहेर काढावा. मुळे पांढरी आणि टणक असतील तर ती ठीक आहेत. तपकिरी असतील, चिमटीत धरल्यावर साल निसटून आत दोरा उरत असेल आणि कुबट वास येत असेल, तर ती कुजली आहेत.

टोमॅटोला लवकर लागू पडणारे नत्र द्यावे. शेंगदाणा पेंडीत ते साधारण 7 टक्के असते, गांडूळखतात जेमतेम दीड-दोन टक्के. पेंड दोन-तीन दिवस भिजवून, गाळून, त्या पाण्यात दहापट साधे पाणी मिसळून आठवड्यातून एकदा घालावी. युरिया वापरायचा तर लिटरला 1 ग्रॅमच, तोही आधीच ओलसर असलेल्या मातीत.

मिरचीला मात्र खत अजिबात नको. ताटली काढून टाकावी, कुंडी विटांवर ठेवावी, तळाचे छिद्र काडीने मोकळे करावे आणि मातीला वाफसा येईपर्यंत पाणी बंद ठेवावे. बरीच मुळे कुजली असतील तर ती कापून, निचरा होणाऱ्या नव्या मातीत झाड लावावे.

पावसाळ्यात दोन्ही दुखणी एकत्रही येतात. धो-धो पावसात मातीतले नत्र छिद्रावाटे वाहून जाते आणि साचलेल्या पाण्यात काही जिवाणू उरलेल्या नत्राचा वायू करून टाकतात. अशा कुंडीत आधी निचरा सुधारावा आणि नवी वाढ दिसू लागल्यावरच पातळ खत द्यावे.

उपाय लागू पडला का, हे जुन्या पानांवरून कळत नाही. पूर्ण पिवळे झालेले पान सहसा पुन्हा हिरवे होत नाही. आठ-दहा दिवसांनी शेंड्याची नवी पाने पाहावीत. ती हिरवीगार आली तर निदान बरोबर होते. पण नवीच पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या दिसल्या, तर ते नत्राचे काम नाही. तिथे बहुधा लोह कमी पडलेले असते. मातीत पुरेसे लोह असूनही सतत ओल्या कुंडीतल्या दुबळ्या मुळांना ते उचलता येत नाही, त्यामुळे तिथेही पहिला उपाय पाणी कमी करण्याचाच.