सोळा घरांचा पडताळा

फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि 1949 मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. बीटा थॅलेसेमिया या रक्तविकाराच्या वाहकांचं प्रमाण सिंधी समाजात देशाच्या सरासरीहून बरंच जास्त आहे. म्हणूनच बारावीच्या जीवशास्त्रात येणारं दोन गुणांच्या संकराचं गणित इथल्या एखाद्या घरात समुपदेशकाच्या टेबलावर खरोखर मांडलं जातं.

समजा, नवरा-बायको दोघेही थॅलेसेमिया मायनर आहेत. दोघांचाही रक्तगट आरएच पॉझिटिव्ह आहे, पण दोघांच्याही आया आरएच निगेटिव्ह. आईकडून प्रत्येकाला एक d आलेलाच असणार, म्हणून दोघेही Dd. थॅलेसेमियाचं निरोगी जनुक T आणि सदोष जनुक t धरलं, तर संकर होतो TtDd × TtDd. थॅलेसेमिया मेजर आणि आरएच निगेटिव्ह असं मूल होण्याची शक्यता किती?

पहिला गैरसमज असा, की दोन गुण दिसले की फेनोटाइपचं, म्हणजे दिसणाऱ्या रूपाचं, गुणोत्तर 9:3:3:1 लिहून मोकळं व्हावं. ‘आजारी’ आणि ‘आजारी नाही’ एवढेच दोन गट केले, तर ते इथे बरोबर येतं. पण मायनर व्यक्ती रक्ततपासणीत वेगळी ओळखू येते. तिचं हिमोग्लोबिन ए-2 वाढलेलं असतं. अहवाल हेच दिसणारं रूप मानलं, तर थॅलेसेमियाचे निरोगी, मायनर आणि मेजर असे तीन गट पडतात. मग आरएच पॉझिटिव्ह मुलांत 3:6:3 आणि निगेटिव्ह मुलांत 1:2:1 असे सहा गट मिळतात. संकर तोच, तक्त्यातली घरं तीच सोळा. बदलला तो फक्त मोजण्याचा निकष. प्रश्नात कोणता निकष धरला आहे, हे न वाचता दिलेलं उत्तर म्हणूनच चुकतं.

आई-वडिलांपैकी एक जण आरएच निगेटिव्ह असेल, तर गुणोत्तर आणखी बदलतं. TtDd × Ttdd या संकरात आजारी नसलेली आणि आजारी मुलं तीनास एक, तर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह निम्मी-निम्मी. एकत्र धरल्यावर 3:3:1:1.

सोळा घरं भरली म्हणजे उत्तर बरोबर, हा दुसरा गैरसमज. सर्वांत जास्त चूक तक्त्याच्या कडेलाच होते: युग्मक म्हणून Tt आणि Dd लिहिले जातात. युग्मकात प्रत्येक जोडीतलं एकच अक्षर जातं, म्हणून TtDd पासून TD, Td, tD, td हे चारच प्रकार निघतात. नंतर ताळा करायचा तो असा. रक्तगट विसरून फक्त tt ची घरं मोजायची; ती सोळापैकी चार हवीत. मग थॅलेसेमिया विसरून dd ची मोजायची. तीही चारच हवीत. यात एक घर जरी कमी-जास्त निघालं, तरी तक्ता पुन्हा मांडावा. दोन्ही जुळले की गुणाकार: 1/4 × 1/4 = 1/16. ttdd चं घरही एकच सापडतं.

हा गुणाकार चालतो, कारण बीटा ग्लोबिनचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि D चं पहिल्या. आरएच गटातल्याच D आणि C या प्रतिजनांवर गणित घातलं, तर तो चालणार नाही. त्यांची जनुकं पहिल्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी बसलेली असतात आणि जवळजवळ नेहमी एकत्रच पुढे जातात. 9:3:3:1 लिहिण्याआधी म्हणूनच जनुकं कुठे आहेत ते पाहावं लागतं.

तिसरा गैरसमज घराघरांत ऐकू येतो आणि तोच सर्वांत महाग पडतो: “चारात एक ना? पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुखरूप.” गर्भधारणेला आधीच्या मुलाची आठवण नसते. दर खेपेला मेजरची शक्यता 1/4 च राहते. चार मुलं असलेल्या अशा जोडप्यांचा विचार केला, तर साधारण 32 टक्के घरांत एकही मूल मेजर नसेल आणि नेमकं एकच मेजर असेल अशी घरं सुमारे 42 टक्के असतील. उरलेल्या घरांत दोन किंवा अधिक. मेंडेलला 9:3:3:1 दिसलं ते 556 वाटाण्यांत. तिथेही दाणे 315, 108, 101 आणि 32 असे निघाले, अगदी तंतोतंत नव्हे. चार मुलांच्या घरात गुणोत्तर उतरेलच, ही अपेक्षा चुकीची.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. अंबरनाथ असो की बदलापूर, समाज कोणताही असो, लग्न ठरवण्याआधी दोघांनीही हिमोग्लोबिन ए-2 ची तपासणी करून घ्यावी. एक जण जरी TT निघाला, तरी त्या तक्त्यात tt चं घर एकही उरत नाही.