फी गल्ल्यातून गेली, पण खर्चात नाही

जुलैमध्ये मुलीच्या कॉलेजची 48,000 रुपये फी भरायची होती. घरच्या बचत खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून हार्डवेअर दुकानाच्या मालकाने ती दुकानाच्या चालू खात्यातून भरली. वर्षअखेरीला नफा-तोटा पत्रक हाती आलं, तेव्हा ही रक्कम खर्चात कुठेच दिसेना. ती ‘उचल’ खात्यात टाकलेली होती. ‘पैसे तर दुकानातूनच गेले ना?’ असं दुकानदार दरवर्षी विचारतात. या मालकाला त्याच्या अकाउंटंटने पत्रानेच उत्तर दिलं.

‘दादा, दुकान बंद असतं तरी ही फी भरावीच लागली असती,’ अशी पत्राची सुरुवात होती. सगळा निकष या एका वाक्यात आहे. दुकानाचं भाडं, हमाली, नोकराचा पगार हे धंद्यासाठी होतात. फी घरासाठी. आयकर कायदा नेमकं हेच सांगतो: खर्च पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झालेला हवा, वैयक्तिक खर्च चालणार नाही. म्हणून नोंद अशी झाली: उचल खाते नावे 48,000, बँक खाते जमा 48,000.

पुढे त्याने आकडेच मांडले. वर्षाच्या सुरुवातीला भांडवल 6,00,000, नफा 4,20,000. त्यातून उचल वजा केली की अखेरचं भांडवल 9,72,000. फी खर्चात धरली असती, तर नफा 3,72,000 दिसला असता आणि भांडवल तरीही 9,72,000 च राहिलं असतं. शिल्लक तीच, पण दुकानाने कमावलं किती, हा आकडा चुकला असता. करही त्याच चुकलेल्या आकड्यावर भरला गेला असता.

मालकाला खरी धास्ती वेगळीच होती: उचलीवर पुन्हा कर बसेल का? नाही. कर नफ्यावर असतो, मग ती रक्कम गल्ल्यात राहो की घरी जावो. उलट उचल स्वच्छ दिसणं सोयीचंच असतं. चौघांचं कुटुंब आणि वर्षभराची उचल नगण्य, असं दिसलं तर घर कशावर चाललं, हे अधिकारी विचारू शकतात. जुन्या कररचनेत मुलांच्या शिक्षण शुल्काला मर्यादेत वजावट मिळते. ती मालकाच्या वैयक्तिक विवरणपत्रात घ्यायची, दुकानाच्या खर्चात नव्हे.

सगळेच खर्च इतके सरळ नसतात. मोबाइल किंवा गाडीचं पेट्रोल घर आणि दुकान दोन्हींसाठी लागतं. तिथे वाजवी हिस्सा ठरवून उरलेला भाग उचलीत जातो. आणि हे सगळं एकट्या मालकाच्या दुकानाला लागू आहे. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती असल्याने तिथे उचल नसतेच, नियम निराळे.

पत्राच्या शेवटी एक विनंती होती: दर महिन्याला ठरावीक रक्कम चालू खात्यातून घरच्या बचत खात्यात वळवा आणि पुढची फी तिथूनच भरा.