कढत पाण्याची भाकरी

ज्वारी किंवा बाजरीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन तयार होत नाही. गव्हाची कणीक तिंबली की ताणली जाते, कारण ग्लुटेनची जाळी तिला धरून ठेवते. भाकरीच्या पिठात ही जाळी नसल्याने गोळा थापताना कडा फाकतात आणि मधला भाग तव्यावर तडकतो. ही उणीव कढत पाण्याने बरीचशी भरून निघते. पिठातला स्टार्च उकळत्या पाण्यात फुगतो आणि त्याची खळ होते. ही खळच उरलेल्या पिठाला एकत्र बांधते.

ज्वारीच्या स्टार्चची खळ होण्यासाठी साधारण ७० अंश सेल्सियस किंवा त्याहून थोडे जास्त तापमान लागते. ९० अंशांचे पाणी थंड पिठावर पडताच झपाट्याने निवते आणि त्या पातळीच्या खाली येते. म्हणून नुसते गरम किंवा कोमट पाणी पुरत नाही. भांड्यात खळखळून उकळी आलेले पाणी तसेच पिठावर यायला हवे, आणि तेही परातभर न शिंपडता एका जागी. असे केले की मधल्या पिठाची चांगली उकड निघते. तेवढेच पाणी सगळीकडे पसरले तर सगळे पीठ नुसते कोमट होते आणि खळ कुठेच होत नाही.

मालदांडी ज्वारीच्या दोन भाकरींचे उदाहरण घेऊ. परातीत साधारण २०० ग्रॅम, म्हणजे दोन लहान वाट्या, ताजे पीठ घ्यावे आणि मधोमध आळे करून चिमूटभर मीठ टाकावे. आळ्यात १०० मिलिलीटर उकळते पाणी ओतावे, उलथन्याने आजूबाजूचे थोडे पीठ त्यात ओढावे आणि ताट झाकून पाच मिनिटे ठेवावे. हात सोसेल इतपत उष्णता उरली की साधे पाणी चमच्या-चमच्याने घालत मळायला घ्यावे. आणखी ६० ते ८० मिलिलीटर लागते. नेमके किती ते पिठावर अवलंबून असते.

मळताना तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पीठ पुढे रगडत न्यावे, गोळा करून परत ओढावे आणि पुन्हा रगडावे. ग्लुटेन नसल्यामुळे फार मळून पीठ बिघडण्याची भीती नाही. बिघडते ते कमी मळण्याने, कारण खळ सगळीकडे पोचतच नाही. परीक्षा सोपी आहे. लिंबाएवढा गोळा तळहातावर दाबून चपटा करावा. कडेला भेगा पडल्या तर चमचाभर पाणी लावून पुन्हा रगडावे. कड गुळगुळीत राहिली तर पीठ तयार. सगळ्या भाकरींचे पीठ एकदम मळून ठेवू नये, कारण ते सुकत जाते. एका वेळी एक-दोन भाकरींचे मळावे.

थापताना परातीत कोरडे पीठ भुरभुरावे आणि गोळ्याची कड आधी हातानेच नीट बांधून घ्यावी. एका हाताची बोटे थापत राहतात, दुसरा हात कडेला आधार देत भाकरी फिरवतो. जोर मधोमध लावला की कड ताणली जाऊन फाटते, म्हणून दाब मध्यापासून कडेकडे नेत राहावा. भेग दिसताच ओल्या बोटाने सांधावी. ती पुढे आपोआप मिटत नाही.

भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. त्यावर लगेच पाण्याचा हात फिरवावा. पाणी आटत आले, पण पृष्ठभाग अजून ओलसर आहे, तेव्हाच उलटावी. पाणी पूर्ण सुकू दिले तर उत्तम थापलेली भाकरीही तडकते, आणि भेग पडली की वाफ तिथून निसटून पापुद्रा सुटत नाही. तवा थंड असेल तरी हाच त्रास होतो.

कढत पाण्यालाही मर्यादा आहे. सगळे पाणी उकळते घातले आणि पिठाचा बराचसा भाग शिजला तर गोळा हाताला चिकटतो, थापता येत नाही आणि भाकरी वातड होते. उलट, दळून फार दिवस झालेल्या पिठाची विरी गेलेली असते. तिथे निम्म्याहून थोडे अधिक पाणी उकळते घातले तर काम भागते. बाजरीचे पीठ जास्त भरभरीत असल्याने तिला उकड ज्वारीपेक्षाही जास्त उपयोगी पडते. मात्र बाजरीत तेलाचे प्रमाण जास्त असल्याने तिचे पीठ लवकर खवट होते, आणि कडवटपणा कोणत्याही पाण्याने जात नाही. म्हणून बाजरी थोडी थोडी दळून आणावी.